पहिल्या तिघांत कोण?

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सेक्टर रोटेशन : कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं’. म्हणजे क्षेत्रांची ताकदीनुसार क्रमवारी लावायची, वरच्या क्षेत्रांत पैसे ठेवायचे आणि मागे पडलेलं सोडायचं. यातलं ‘कधी सोडायचं’ हेच अवघड आहे आणि मी तिथपर्यंत येणार आहे. घड्याळ समोरच ठेवलंय. पण आधी एक खटकणारी गोष्ट बोलून घेतो, कारण तिच्यामुळे पद्धत बरोबर असूनही माणसं व्यवहार नेमका उलटा करतात.

शेअर बाजारात ‘रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ’ म्हटलं की दहातले आठ जण मोबाईल काढून आरएसआय, म्हणजे ‘रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स’, दाखवतात. नाव सारखं, म्हणून गोष्टही एकच, असा समज. आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडला. साधारण १४ दिवस घ्यायचे, त्यात वाढीच्या दिवसांची सरासरी वाढ आणि घसरणीच्या दिवसांची सरासरी घसरण यांची तुलना करायची, आणि उत्तर ० ते १०० मध्ये बसवायचं. यात दुसरा कुणीच नाही. ऑटो निर्देशांकाचा आरएसआय काढताना आयटी कुठे आहे, निफ्टी कुठे आहे, याची चौकशीसुद्धा होत नाही.

आता हे कोल्हापूर आहे, तेव्हा तालमीत जाऊ. एखादा मल्ल काल हजार बैठका मारत होता, आज बाराशे मारतो. वस्ताद खूश. हा झाला आरएसआय. पण खासबागेत तो कुणाला चितपट करतो, हे बैठकांवरून कळत नाही. त्यासाठी जोड लावावी लागते. आपण आज ज्या रिलेटिव्ह स्ट्रेंग्थबद्दल बोलतोय ती जोडीतली ताकद आहे: गेल्या सहा महिन्यांत मेटल किती वाढला आणि त्याच सहा महिन्यांत बाकीचे किती वाढले. (मागून आवाज : ‘आणि नूरा कुस्ती असेल तर?’) ते ऑपरेटरवाल्या स्मॉलकॅपमध्ये, साहेब. तिथं आपण जाणारच नाही आहोत. (हशा)

नावाचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. कारण असं की आरएसआय ७० च्या वर गेला की ‘जास्त खरेदी झालीय, विका’ असं शिकवलं जातं. आणि क्रमवारीत पहिल्या असलेल्या क्षेत्राचा आरएसआय कित्येक आठवडे ७० च्या आसपासच रेंगाळतो. म्हणजे एक पद्धत सांगते ‘धरून ठेवा’ आणि नामसाधर्म्यामुळे माणूस नेमका तोच शेअर विकतो. वर पुन्हा म्हणतो, रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ वापरून बघितली, चालत नाही.

बरं. आता क्रमवारी कशी लावायची. आधी मैदानात कुणाला उतरवायचं ते ठरवा. एनएसईचे क्षेत्र निर्देशांक बरेच आहेत, पण सगळे घेऊ नका. बँक, प्रायव्हेट बँक आणि फायनान्शियल सर्व्हिसेस हे तिन्ही यादीत ठेवलेत, तर एखाद्या महिन्यात तिघेही वर येतील आणि तुम्हाला वाटेल आपण तीन क्षेत्रांत आहोत. आत उघडून बघा, तिन्हीकडे सगळ्यात जड एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक. एकाच घरची तीन रेशनकार्डं. म्हणून त्यातला एकच ठेवा. माझी यादी दहाची : ऑटो, आयटी, फार्मा, एफएमसीजी, मेटल, रिअल्टी, मीडिया, एनर्जी, पीएसयू बँक आणि फायनान्शियल सर्व्हिसेस. शेवटच्या दोघांत स्टेट बँक दोन्हीकडे आहे, पण तेवढं चालवून घेऊ. आणि यादीत नाव टाकण्याआधी त्या निर्देशांकाचा ईटीएफ किंवा इंडेक्स फंड आहे का, रोज त्यात पुरेशी उलाढाल होते का, भाव त्याच्या आयएनएव्हीच्या, म्हणजे आतल्या शेअरांच्या त्या क्षणाच्या अंदाजे मूल्याच्या, जवळ राहतो का, हे बघा. नाहीतर कागदावर पहिला आलेला तुम्हाला घेताच येणार नाही.

मग महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा बंद भाव भागिले सहा महिन्यांपूर्वीचा बंद भाव. बस. पुष्कळ जण याला पुन्हा निफ्टीने भागतात. समजा निफ्टी २०,००० वरून २१,००० झाला, मेटल ८,००० वरून ९,२०० आणि एफएमसीजी ५०,००० वरून ५०,५००. मेटल १५ टक्के, एफएमसीजी १ टक्का. निफ्टीने भागल्यावर मेटल सुमारे साडेनऊ टक्के पुढे, एफएमसीजी पावणेचार टक्के मागे. पण सगळ्यांना एकाच आकड्याने भागलं, तर पहिला तो पहिलाच राहणार! क्रमवारी तसूभर बदलत नाही. निफ्टीचा भागाकार फक्त एवढंच सांगतो की तुमचा तिसरा नंबर तरी निफ्टीच्या पुढे आहे का. नसेल तर तिसरी जागा निफ्टीच्याच ईटीएफला द्या.

एक बारकावा. एकेका शेअरची क्रमवारी लावताना शेवटचा महिना वगळतात, कारण महिनाभरात फार उडालेला शेअर पुढच्या महिन्यात मागे येण्याचा कल असतो. उद्योगांचं तसं नाही. मॉस्कोविट्झ आणि ग्रिनब्लाट यांच्या १९९९ च्या अमेरिकी अभ्यासात उद्योगसमूहांची चाल अगदी एका महिन्याच्या मुदतीतसुद्धा टिकलेली दिसते. त्यामुळे क्षेत्रांसाठी शेवटचा महिना वगळण्याचं कारण उरत नाही.

समोर शिरोली आणि गोकुळ शिरगावची मंडळी दिसताहेत, म्हणून थोडं थांबतो. तुमची फाउंड्री वाहनांच्या कास्टिंगवर चालते. क्रमवारीत ऑटो आणि मेटल वर आले, तर तुम्ही दोन्ही सारखेच घ्याल. पण ऑटो म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाचं नशीब. गाड्यांचा खप पडला की ऑर्डरीही पडणार आणि ईटीएफही पडणार, एकाच महिन्यात. मेटलचं बरोबर उलटं आहे. पिग आयर्न आणि भंगार महागलं की तुमचा खर्च वाढतो, पण त्याच काळात बहुधा मेटल निर्देशांक वर असतो. म्हणजे मेटल तुमच्या धंद्याला थोडा आधार देतो आणि ऑटो धोका दुप्पट करतो. क्रमवारीच्या शीटवर हे दिसत नाही, कारण तुमचा कारखाना शीटवर नाही. तुम्ही ऑटोची जागा निम्मी ठेवलीत तर पद्धत मोडली असं मी म्हणणार नाही.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? मला वाटलं वीस. असो. आता ‘कधी सोडायचं’.

साधा नियम काय? पहिले तीन धरायचे, तिघांतून बाहेर गेला की विकायचा. इथंच गाडी फसते. समजा ऑटोचे पाच महिन्यांचे क्रमांक असे : २, ४, ३, ४, २. साध्या नियमाने पहिल्या महिन्यात घेतला, दुसऱ्यात विकला, तिसऱ्यात घेतला, चौथ्यात विकला, पाचव्यात पुन्हा घेतला. घेतल्यानंतरच चार व्यवहार झाले आणि क्षेत्र कायम वरच्या निम्म्यातच होतं. तिसरा आणि चौथा यांच्यात अनेकदा अर्ध्या टक्क्याचाही फरक नसतो.

म्हणून घेण्याची आणि सोडण्याची रेघ वेगळी ठेवा. दहांपैकी पहिल्या तिघांत आला तर घ्यायचा, पण पाचाच्या खाली गेल्याशिवाय सोडायचा नाही. जागा रिकामी झाली तरच नवा घ्यायचा. वरच्या उदाहरणात याने पहिल्या खरेदीनंतर एकही व्यवहार होत नाही.

आता हे पैशात बघा. एका जागेत १ लाखाचे १ लाख १५ हजार झाले आणि वर्षाच्या आत विकलं. १५ हजारांवर अल्पकालीन कर २० टक्के म्हणजे ३,०००, उपकर धरून ३,१२०. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक दोन्ही बाजूंनी ०.४ टक्के धरला तर आणखी नऊशेच्या आसपास. हातात राहिले सुमारे १ लाख ११ हजार. नवीन क्षेत्र साडेतीन टक्के चढेल तेव्हा कुठे आपण जुन्या जागी परत आलो. हा कर कधीतरी भरायचाच होता हे खरं, पण वर्ष उलटलं असतं तर दर १२.५ टक्के, तोही वर्षाच्या एकूण सव्वा लाख नफ्यापुढे. जुन्या आकडेवारीवर चाचणी करताना हे वजा न करणाऱ्यांची शीट नेहमीच सुंदर दिसते.

दुसरं. पहिला आला म्हणजे वाढतोय असं नाही. सगळे पडत असताना सर्वांत कमी पडणाराही पहिलाच येतो. म्हणून निवडलेल्या क्षेत्राचा सहा महिन्यांचा परतावा लिक्विड फंडापेक्षा कमी असेल, तर त्या जागेचे पैसे लिक्विडमध्ये ठेवा. याची किंमत मोजावी लागते. २०२० सारखी मार्चमध्ये कोसळून लगेच सावरणारी घसरण आली, तर ही चाळणी तुम्हाला खाली बाहेर काढते आणि उशिरा आत घेते.

वळणावर तर पद्धत हमखास चुकते. २०२० मध्ये फार्मा सुमारे ६० टक्के वाढला, पीएसयू बँक जवळपास ३० टक्के पडला. २०२२ मध्ये पीएसयू बँक ७० टक्क्यांच्या आसपास वर आणि २०२१ चा लाडका आयटी सुमारे २६ टक्के खाली. क्रमवारीला हे वळण दोन-तीन महिन्यांनी कळतं, त्याआधी नाही. आणि एका दिवसाचा धक्का तिला कळतच नाही. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल : पीएसयू बँक निर्देशांक एका दिवसात सुमारे १५ टक्के पडला, आदल्याच दिवशी आठ टक्क्यांच्या आसपास चढला होता. मेअखेरच्या क्रमवारीत यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे तीन जागा समान ठेवा. पहिल्याला निम्मे पैसे देण्याचा मोह त्या दिवशी महागात पडला असता.

(दुसरी चिठ्ठी.) हो, हो, एकच. महिनाअखेरीऐवजी १५ तारखेला क्रमवारी लावली तर यादी वेगळी येते आणि वर्षाचा परतावाही बराच वेगळा येऊ शकतो. ते नशीब आहे, हुशारी नाही. म्हणून पैसे दोन भागांत करा : निम्मे महिनाअखेरच्या यादीवर, निम्मे १५ तारखेच्या. दोन्ही शीट वेगळ्या ठेवा, एकीचं दुसरीत मिसळू नका. प्रश्न खाली चहाला घेऊ, इथले दिवे आता बंद करताहेत. आणि जाताना जरा बघून, बाहेर सगळ्यांच्याच चपला कोल्हापुरी आहेत.