पन्नास वेळा दुप्पट, मग थांबा

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी]

या मानवी फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या पेशी. फ्लास्कचा तळ भरला की त्या ट्रिप्सिन या विकराने सुट्या करायच्या आणि निम्म्या-निम्म्या दोन फ्लास्कमध्ये घालायच्या. तळ पुन्हा भरला की पेशी एकदा दुप्पट झाल्या, असं धरायचं. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं, की गर्भातून घेतलेल्या अशा पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. ताजं पोषक माध्यम घालूनही विभाजन होत नाही. पेशी मरत मात्र नाहीत.

[दृश्य: गुणसूत्राचं टोक, पडद्यावर TTAGGG TTAGGG TTAGGG]

गुणसूत्राच्या टोकाला हा सहा अक्षरांचा क्रम शेकडो-हजारो वेळा येतो, तो टेलोमेअर. डीएनएची नवी साखळी आरएनएच्या छोट्या तुकड्यापासून, म्हणजे प्रायमरपासून सुरू होते. अगदी टोकाचा प्रायमर काढला गेला, की ती जागा भरून निघत नाही. त्यामुळे दर विभाजनाला साधारण ५० ते १०० बेस-जोड्या कमी होतात.

आता हिशोब करा. सुरुवातीला १०,००० जोड्या, दर खेपेला १०० गेल्या, तर ५० विभाजनांनंतरही ५,००० उरतात. मग पेशी थांबली का? कारण १०,००० ही सरासरी आहे. पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे ९२ टोकं, आणि त्यातली काही आधीपासूनच आखूड. टोक फार आखूड झालं की त्यावर शेल्टरिन प्रथिनांचं आवरण नीट बसत नाही. पेशीला ते टोक म्हणजे तुटलेला डीएनए वाटतो. मग पी-५३ हे प्रथिन सक्रिय होतं आणि विभाजन थांबवतं. अशी मोजकी टोकंही पुरतात.

थांबलेल्या पेशी मोठ्या, चपट्या दिसतात आणि सामू ६ ला बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या चाचणीत निळ्या होतात. फक्त निळ्या रंगावर विसंबू नका, दाटीवाटीने वाढलेल्या पेशीही निळ्या दिसतात.

[दृश्य: विभाजनाच्या वेळी दोन ध्रुवांमध्ये ताणलेलं गुणसूत्र]

एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनाने पी-५३ आणि विभाजन रोखणारं दुसरं प्रथिन आरबी, ही दोन्ही निकामी केली, तर पेशी थांबायच्या जागी न थांबता विभागत राहते. आता उघडी पडलेली टोकं एकमेकांना जुळतात, विभाजनात दोन्हीकडून ओढली जाऊन गुणसूत्र तुटतं, पुन्हा जुळतं. बहुतेक सगळ्या पेशी मरतात. क्वचित एखादी वाचते, आणि वाचलेल्यांत बहुधा टेलोमरेज सुरू झालेलं असतं. हे विकर स्वतःचाच आरएनए साचा म्हणून वापरून टोकाला TTAGGG जोडत जातं.

१९९४ मध्ये तपासलेल्या कर्करोगाच्या गाठींच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये टेलोमरेज सापडलं. पण १९९८ मध्ये त्याचं टर्ट हे जनुक निरोगी पेशींत घातलं, तेव्हा त्या नेहमीच्या मर्यादेपुढे आणखी किमान २० वेळा दुप्पट झाल्या, कर्करोगी मात्र झाल्या नाहीत. टेलोमरेज पेशी बिघडवत नाही, बिघडलेल्या पेशीला फक्त थांबू देत नाही.

म्हणूनच टेलोमरेज रोखणाऱ्या औषधाला वेळ लागतो. औषध दिल्यावरही गाठीतल्या पेशींची टोकं पुरेशी आखूड व्हायला बरीच विभाजनं जावी लागतात, आणि तेवढा काळ गाठ वाढतच राहू शकते.