पगारातून पीएफ कापला, पण भरलाच नाही

पगाराच्या स्लिपवर पीएफची रक्कम दिसली की आपण समजतो पैसे जमा झाले. तसं नसतं, स्लिप फक्त कापल्याचा पुरावा आहे, भरल्याचा पुरावा पीएफच्या पासबुकात. एप्रिलच्या पगाराचे पैसे मालकाने १५ मेपर्यंत भरायचे असतात, नोंद दिसायला थोडे दिवस जातात, त्यामुळे जूनमध्येही एप्रिल कोरा दिसला तर समजा काहीतरी गडबड आहे.

एक हिशोब मांडतो. बेसिक १४,००० असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० कापले जातात आणि मालकानेही स्वतःचे तेवढेच घालायचे असतात (त्यातले १,१६६ पेन्शनला जातात). म्हणजे महिन्याला ३,३६० आणि दहा महिने बुडवले तर ३३,६००. नुसते कापलेले १६,८०० धरून बसू नका, अर्धे तिथेच सुटतात!

आता एचआर म्हणतो, "भरलेत हो, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." भांडू नका. ईपीएफओच्या साइटवर Establishment Search आहे, तिथे कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचं चलन कधी भरलं, किती माणसांसाठी भरलं ते लॉगिन न करता दिसतं. त्या महिन्याचं चलनच नसेल तर अख्खी कंपनी थकलीय, मग चार-पाच जणांनी मिळून तक्रार करा, एकट्यावर राग निघत नाही. चलन आहे पण माणसं कमी दिसतात तर तुम्हाला वगळलंय, किंवा पैसे चुकीच्या यूएएनला गेलेत आणि हे दुसरं बऱ्याचदा साधी चूक असते.

तक्रार epfigms.gov.in वर यूएएन टाकून करायची, सोबत स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडायचं, आणि "पीएफ मिळत नाही" असं मोघम लिहू नका, महिना, कापलेली रक्कम, पासबुकात शून्य असं ओळीने लिहा. कधीकधी "मालकाला कळवलं आहे" एवढंच लिहून तक्रार बंद करतात. मग कागदी अर्ज घेऊन ऑफिसला जा आणि इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ऑफिस कुठलं ते मेंबर आयडीच्या सुरुवातीला असतं, PUPUN म्हणजे पुणे, THTHA म्हणजे ठाणे. नोकरी सोडली असली तरी तक्रार करता येते.

ऑफिसने चौकशी करून रक्कम ठरवली की मालकाचं बँक खातंही जप्त होऊ शकतं, शिवाय कापलेले पैसे न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा आहे. पण वेळ लागतो, हे आधीच सांगतो. उशिराबद्दलचा दंड मालकाला बसतो, तो तुमच्या खात्यात येत नाही. आणि मागचे महिने भरतो म्हणून कोणी आता तुमच्या पगारातून दुसऱ्यांदा कापायला लागलं, तर सही करू नका, जुनी स्लिप दाखवा.