फ्लास्कमध्ये उरलेली चरबी

पडद्यावर काचेचं जे उभं उपकरण दिसतंय, त्याला सॉक्सलेट म्हणतात. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते दुधातल्या चरबीचं प्रमाण काढण्यासाठी वर्णन केलं. खाली फ्लास्क, मधे सायफनची नळी असलेला कक्ष, वर कंडेन्सर. मांडणी आजही तीच आहे.

आज नमुना आहे शेंगदाण्याचा. दाणे वाळवून, दळून, त्यातले २.०३१५ ग्रॅम थिंबलमध्ये भरले आहेत. थिंबल म्हणजे जाड गाळणकागदाची नळी. तोंडावर कापसाचा बोळा आहे. हा कापूस आधी विद्रावकाने, म्हणजे चरबी विरघळवणाऱ्या द्रवाने, धुऊन घेतलेला असतो, नाहीतर त्याचीच चरबी आपल्या हिशेबात येते. भरलेल्या नमुन्याची पातळी सायफनच्या वरच्या वळणाच्या खाली हवी. वर राहिलेला भाग नीट भिजत नाही.

आता विद्रावक कोणता घ्यायचा? इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: शेवटी आपण चरबी तोलत नाही, विद्रावकाने जे जे सोबत आणलं ते सगळं तोलतो. डायएथिल ईथर चरबी उत्तम विरघळवतं, पण ते थोडं पाणी धरून ठेवतं, आणि ओलसर ईथरसोबत साखरेसारखे पदार्थही उतरतात. शिवाय साठवणीत त्यात पेरॉक्साइड तयार होतात, जे कोरडं होईपर्यंत तापवताना स्फोट घडवू शकतात. म्हणून आपण पेट्रोलियम ईथर निवडलंय, ४० ते ६० अंश सेल्सिअसला उकळणारं. ते पाण्यात जवळजवळ मिसळत नाही आणि शेंगदाण्याचं तेल सहज काढतं. ज्वलनशील मात्र तेही आहेच. त्यामुळे उघडी ज्योत कुठेही नाही, काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात.

फ्लास्कखालचं विजेचं मँटल तापलं. वाफ वर गेली, कंडेन्सरमध्ये थंड झाली, आणि थेंब थिंबलवर पडू लागले. कक्ष भरत चाललाय. द्रव वळणापर्यंत पोहोचला... आणि बघा, सगळा एका झटक्यात खाली फ्लास्कमध्ये उतरला. हे एक चक्र. तेल खाली राहतं, विद्रावक पुन्हा वाफ होऊन वर येतो. म्हणजे नमुन्याला दर वेळी ताजा विद्रावक मिळतो.

चक्राचा वेग हाताने साधावा लागतो. कंडेन्सरखालचे थेंब मोजा. सेकंदाला पाच-सहा थेंब पडत असतील तर साधारण चार तास पुरतात. दोन-तीनच पडत असतील तर सोळा तास धरावे लागतात. आच फार वाढवली की वाफ कंडेन्सरला आवरत नाही, ती वरून निसटते आणि फ्लास्कमधला द्रव घटत जातो. आच फारच कमी असेल तर कक्ष झटक्यात रिकामा न होता वळणावरून थेंबथेंब ओघळत राहतो. घड्याळ पुढे सरकतं, पण नमुना धुतला जात नाही.

तेल संपलं की नाही, हे कसं कळतं? सायफनमधून उतरणाऱ्या द्रवाचा एक थेंब गाळणकागदावर टाकायचा. वाळल्यावर तेलकट डाग उरला, तर काम बाकी आहे. शेंगदाण्यासारख्या तेलबियांत एकदा थांबून नमुना पुन्हा कुटून घेणं चांगलं. दाण्याच्या आतलं तेल नुसत्या भिजण्याने बाहेर येत नाही.

आता वजन. रिकामा फ्लास्क सुरुवातीलाच ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करून तोलला होता: ८४.२१०७ ग्रॅम. विद्रावक उडवून दिला, फ्लास्क १०२ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला, पुन्हा डेसिकेटरमध्ये गार केला. कोमट फ्लास्क कधीच तोलायचा नाही; त्याच्याभोवतीची हवा वर उठते आणि तराजू कमी वजन दाखवतो.

पहिलं वजन ८५.१९३४. अर्ध्या तासाने दुसरं, ८५.१८६१. उरलासुरला विद्रावक निघून गेला. तिसरं ८५.१८५९, जवळपास स्थिर. आणि चौथं पाहा: ८५.१८७४. वजन वाढलं! तेल ओव्हनमध्ये हवेतला ऑक्सिजन घेऊ लागलंय. अशा वेळी सरासरी काढायची नाही, सर्वांत कमी वजन घ्यायचं. ८५.१८५९ मधून ८४.२१०७ वजा केले की ०.९७५२ ग्रॅम उरतात, म्हणजे नमुन्याच्या ४८.० टक्के. पहिल्याच वजनावर थांबलो असतो तर उत्तर ४८.४ आलं असतं, आणि त्यातला जादा भाग निव्वळ विद्रावकाचा.

हा आकडा मोकळ्या चरबीचा आहे. पाव किंवा चीजसारख्या पदार्थांत चरबी स्टार्च आणि प्रथिनांत अडकलेली असते, तिथपर्यंत हा विद्रावक पोहोचत नाही. तिथे आधी नमुना आम्लासोबत उकळायचा, गाळायचा, धुऊन वाळवायचा, आणि मगच थिंबलमध्ये भरायचा.