आधी बंगळुरू, मग पुणे

नमस्कार श्रोतेहो. पुण्यातल्या नोकरीसाठी मुलाखत होते, दोन्ही टेक्निकल राउंड चांगले जातात आणि मग रिक्रूटरचा फोन येतो: "सगळं झालंय, फक्त जॉइनिंग बंगळुरूला करा. पाच-सहा महिन्यांत पुण्याला ट्रान्सफर करून घेऊ." या फोनला उत्तर काय द्यायचं, याबद्दल आज बोलू.

फोनवर हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. "मला यात रस आहे, उद्या संध्याकाळपर्यंत मेलवर कळवते," एवढं सांगितलं तरी ऑफर हातची जात नाही. पण फोन ठेवण्यापूर्वी एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या ऑफर लेटरवर बेस लोकेशन कोणतं लिहिलेलं असेल?"

सगळी गोम या प्रश्नात आहे. लेटरवर बेस लोकेशन पुणे असेल आणि काही महिने कामासाठी बंगळुरूला पाठवलं जात असेल, तर ते डेप्युटेशन झालं. मुदत संपली की तुम्ही आपोआप पुण्याच्या, आणि मुदत वाढवायची असेल तर कंपनीला पुन्हा पत्र काढावं लागतं. शिवाय राहण्या-जेवणाची सोय किंवा भत्ता मागायला तुम्हाला आधार मिळतो. याउलट बेस लोकेशन बंगळुरू असेल, तर तुम्ही बंगळुरूच्याच कर्मचारी. पुण्याला यायचं तर अर्ज तुम्ही करायचा, मंजुरी तुम्ही मिळवायची, आणि घरभाडं पहिल्या दिवसापासून तुमच्या खिशातून. फोनवर मात्र दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरला जातो, 'टेम्पररी'.

रिक्रूटर खोटं बोलत असते असं मुळीच नाही. तिचं काम जागा भरण्यापर्यंतचं. पुढे तुम्हाला सोडायचं की नाही हे ठरवतो बंगळुरूचा प्रोजेक्ट मॅनेजर, आणि त्याची अडचणही खरी असते. सहा महिन्यांत तुम्हाला कामाची नीट माहिती झालेली असते. नेमक्या त्याच वेळी तुम्हाला सोडायचं, म्हणजे त्याला नवा माणूस शोधून तयार करायचा. त्यात पुण्यातही तुमच्या कामाची जागा त्या वेळी रिकामी हवी. भरीला, अनेक कंपन्यांत प्रोबेशन संपेपर्यंत, काही ठिकाणी तर वर्ष-दीड वर्ष, अंतर्गत बदलीचा अर्जच करता येत नाही. रिक्रूटरने सांगितलेले सहा महिने आणि कंपनीचा हा नियम एकमेकांना छेदतात का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

आता हिशेब करू. समजा, पुण्यात आई-वडिलांसोबत राहणारी एक मुलगी आहे. चार वर्षांचा अनुभव, हातात महिना 60,000 येणार. बंगळुरूला 18,000 भाड्याचा छोटा फ्लॅट घेतला, तर सहा महिन्यांचे 1,08,000 झाले. तिथे डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात. पाच महिन्यांचं धरलं तर 90,000 अडकून पडले. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली साधारण एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे पद्धत आहे, ते 18,000. महिन्यातून एकदा घरी यायचं म्हटलं तर जाऊन-येऊन 3,000 प्रमाणे आणखी 18,000. डिपॉझिट सोडून 1,44,000, म्हणजे महिन्याला 24,000. ही नोकरी घेतल्यामुळे पगारात 10,000 वाढ मिळत असेल, तर ते सहा महिने ती आधीपेक्षा कमी पैशांत काढणार आहे. पीजीमध्ये राहिली तर खर्च बराच उतरतो, आणि मुक्काम खरोखर सहाच महिन्यांचा असेल तर तेच शहाणपणाचं. फ्लॅटच घ्यायचा असेल तर करारातला लॉक-इन आधी वाचा. लॉक-इन अकरा महिन्यांचा असेल आणि बदली सहाव्या महिन्यात झाली, तर उरलेलं भाडं अंगावर येऊ शकतं.

हा आकडा हाताशी ठेवा आणि मगच मेल लिहा. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे मेल इंग्रजीत जाईल, पण त्यातला मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार मॅडम, कालच्या फोनबद्दल आभार. ही भूमिका मला हवी आहे आणि सुरुवातीला बंगळुरूहून काम करायची माझी तयारी आहे. माझी विनंती अशी की ऑफर लेटरवर बेस लोकेशन पुणे ठेवून बंगळुरूचं डेप्युटेशन जॉइनिंगपासून सहा महिन्यांचं, अखेरच्या तारखेसह, नमूद करावं. तसं शक्य नसेल, तर बेस लोकेशन बंगळुरू ठेवून, अमुक तारखेपर्यंत पुण्याला बदली होईल आणि त्या वेळी पगार बदलणार नाही, असं लेटरमध्ये लिहावं. प्रोजेक्ट मॅनेजरांची संमतीही याच मेलवर मिळावी. तात्पुरत्या राहण्याच्या खर्चाबाबत कंपनीची पद्धत कळवावी. सुधारित लेटर मिळाल्यावर मी सध्याच्या कंपनीत राजीनामा देईन."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल, तर राजीनामा दिल्यानंतर तुमच्या हातात घासाघीस करण्याजोगं फारसं काही उरत नाही. आणि तारीख ही तारीखच हवी. 'सहा महिन्यांनी' असं मोघम लिहिलं, की मोजणी जॉइनिंगपासून, कन्फर्मेशनपासून की प्रोजेक्ट संपल्यापासून, हा वाद नंतर उभा राहतो.

उत्तरात "बिझनेस रिक्वायरमेंटनुसार विचार करू" असं आलं, किंवा मॅनेजरना मेलवर घ्यायला टाळाटाळ झाली, तर हे पोस्टिंग बंगळुरूचंच आहे असं धरा आणि त्या हिशेबाने हो किंवा नाही ठरवा. फोनवरच्या शब्दावर विसंबू नका. बऱ्याच ऑफर लेटरांत, हे पत्र आधीच्या सर्व बोलण्याच्या जागी राहील, असं एक कलम असतं. ते वाचल्यावर फोनवरच्या आश्वासनाची किंमत कळते.

रिलोकेशनची रक्कम देऊ केली, तर तिची अटही बघा. वर्षभरात नोकरी सोडल्यास ती परत करावी लागते, अशी अट सर्रास असते. म्हणजे बदली झाली नाही म्हणून तुम्ही सोडून आलात, तरी पैसे तुम्हीच भरायचे. ठरलेल्या तारखेपर्यंत बदली न झाल्यास ही वसुली होणार नाही, एवढं एक वाक्य जोडून मागा. मोठ्या कंपन्या लेटरचा साचा सहसा बदलत नाहीत. अशा वेळी एचआरच्या अधिकृत मेलवरून आलेलं उत्तरही चालवून घ्यावं.

हेही स्पष्ट सांगायला हवं की बदलीचा अधिकार कंपनीकडे राखून ठेवणारं कलम जवळपास प्रत्येक लेटरमध्ये असतं, त्यामुळे लेखी तारीख म्हणजे पक्की हमी नव्हे. तिचा उपयोग वेगळा आहे. सहा महिन्यांत रिक्रूटर बदललेली असते, कधी मॅनेजरही बदललेला असतो, आणि नव्या माणसासमोर तुमच्याकडे दाखवायला तेवढाच कागद असतो. त्या लेटरची आणि मेलची प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवरच राहू देऊ नका.

बदलीची आठवण सहाव्या महिन्यात करून दिली तर उशीर होतो. चौथा महिना लागला की मॅनेजर आणि एचआर दोघांना एकत्र मेल करा, त्यात लेटरमधली तारीख लिहा आणि तुमच्या जागी कोण येणार, हे विचारा. नवा माणूस मिळून त्याला काम समजावून द्यायला सहा-आठ आठवडे सहज जातात. तुमच्या घरमालकालाही नोटीस त्याच सुमारास द्यायची असते, पण ती मात्र बदलीचं पत्र हातात पडल्यावरच द्या.