झांज, मृदंग आणि फोनमधल्या पाच पट्ट्या

(कुडाळजवळच्या एका गावातील वाचनालयात दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, नमस्कार. गेली बरीच वर्षं मी भजनांना आणि दशावताराला माइक लावतो. पण आज बोलायचंय ते तुमच्या खिशातल्या फोनबद्दल, त्यातल्या इक्वलायझरबद्दल, म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांबद्दल.

गेल्या गणपतीत मावशीकडे गेलो होतो. ती ओसरीवर बसून इअरफोन लावून भजनाची डबलबारी ऐकत होती. मला म्हणाली, "बाबू, नुसता घुमता रे. बुवा काय म्हणतत ता कळनाच नाय." फोन हातात घेतला, तर इक्वलायझर चालू आणि त्यात 'रॉक' निवडलेलं. नातवाने कधीतरी लावून ठेवलं होतं. वर तिचे ब्लूटूथ इअरफोन, त्यांच्या वेगळ्या ॲपमध्ये बेस वाढवलेला. म्हणजे आवाजाला दोनदा फोडणी बसली होती. पहिलं काम तेच केलं, इअरफोनच्या ॲपमधलं सगळं सपाट केलं आणि फक्त फोनमधला इक्वलायझर ठेवला. दोन ठिकाणी बदल असले की कशामुळे काय होतंय ते कळत नाही.

आता या पट्ट्या म्हणजे काय ते आधी बघू. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्या पाच असतात. ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. ६०वर मृदंगाच्या धुमाचा तळ. २३०च्या आसपास पेटीचे खालचे सूर आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा. ९१०वर गळ्याचा आणि पेटीचा मधला भाग. ३६००ला शब्दाची धार, म्हणजे 'त', 'ट', 'च' हे जिथे नीट सुटे होतात ती जागा. १४०००ला झांजेची अगदी वरची चकाकी. प्रत्येक पट्टी त्या एकाच आकड्याला धरून नसते, आजूबाजूचा बराच भाग ती सोबत ओढते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

'रॉक'सारख्या प्रीसेटमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या आयत्या मांडणीत, दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली असतो. गिटार, ड्रम यांना ते शोभतं. पण बुवांचे शब्द तर मधेच असतात! आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, प्रीसेट बनवणाऱ्याला तुमचा इअरफोन माहीत नसतो. मावशीच्या इअरफोनमध्ये बेस मुळातच जास्त होता. बेस जास्त असलेल्या इअरफोनवर बेस वाढवणारा प्रीसेट लावला, तर गाणं कुठलंही असो, ते घुमणारच. म्हणून माझं सांगणं असं की पट्ट्या आधी इअरफोनसाठी लावा, गाण्याच्या प्रकाराचं नंतर बघा.

आणि पट्टीला हात लावण्याच्याही आधी रबर बघा. कानात घालायच्या इअरफोनचं रबर कानाला घट्ट बसलं नाही तर बेस फटीतून निघून जातो. ओळखायचं कसं? मृदंग चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर धुम एकदम भरली, तर दोष पट्टीचा नाही, रबराचा मोठा नंबर लावा. ६०ची पट्टी कितीही वर नेली तरी ती फट बुजणार नाही. उलट एका बाजूचा आवाज मंद झाला असेल, तर जाळीत मळ बसला का ते बघा. आपल्याकडच्या दमट हवेत तो चिकटून बसतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खालच्या बाजूला धरून झाडा.

मावशीचं रबर ठीक होतं. मग सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या आणि तिच्याच भजनातल्या गजराचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लावला. आवाज थोडा कमी करून एकेक पट्टी वर नेऊन बघितली. हा शोधायचा जुना प्रकार आहे. जो दोष सतावतोय तो जिथे जास्तच बोचू लागतो, ती त्याची जागा. २३०ची पट्टी वर गेली आणि मावशीने तोंड वाकडं केलं. सापडलं! ती शून्याच्या खाली ४ डेसिबलवर ठेवली, ६०ची खाली २वर. बाकीच्या तशाच. मग फोनचा आवाज दोन घरं वाढवला. बुवांचे शब्द मोकळे झाले.

इथे कुणीही विचारेल, ३६००च का नाही वाढवायची? मीही आधी तेच करून बघितलं. ४ डेसिबल वाढवल्यावर शब्द पुढे आले, पण त्यांच्याबरोबर झांजही आली आणि मावशीने इअरफोन काढूनच ठेवला. शब्दाची धार आणि झांजेचा ठणका बऱ्याच अंशी एकाच शेजारात राहतात. एक वाढवून दुसरं मागे ठेवणं पाच पट्ट्यांना जमत नाही. घुमणारं कमी केलं की शब्द न वाढवताच वर येतात.

वाढवण्यात आणखी एक धोका आहे. डिजिटल गाण्याला छत असतं. हल्लीची बरीच गाणी त्या छताला डोकं टेकवूनच तयार केलेली असतात. पट्टी ६ डेसिबल वर नेली की त्या भागातली लाट दुप्पट उंच होते. ती छतावर आपटते, तिचा माथा कापला जातो आणि मृदंगाची थाप फाटल्यासारखी ऐकू येते. काही फोन फाटू देत नाहीत, स्वतःच आवाज आवरतात. मग प्रत्येक थापेला बुवांचा आवाज क्षणभर दबतो आणि परत येतो. असं झालं तर प्लेअरमध्ये 'प्रीॲम्प' नावाची पट्टी आहे का बघा. जितकं वाढवलंत तितकंच तिथे खाली आणा. ती नसेल, तर वाढवूच नका, इतर पट्ट्या कमी करा.

गाण्याच्या प्रकाराचं थोडक्यात सांगतो. रेडिओच्या जमान्यातल्या जुन्या ध्वनिमुद्रणात १४०००ला गाण्यातलं फारसं काही नसतंच. ती पट्टी वाढवलीत तर खरखर तेवढी वाढेल. नाचाच्या गाण्यांना ६०ला २-३ डेसिबल द्यायला हरकत नाही, फक्त वर सांगितल्याप्रमाणे प्रीॲम्प तितकाच खाली आणून.

रात्री मात्र वेगळं गणित असतं. घर झोपल्यावर आपण आवाज अगदी बारीक ठेवतो, आणि बारीक आवाजात कानाला बेस फारच कमी ऐकू येतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे रात्री बेस वाढवलेला प्रीसेट गोड लागतो आणि सकाळी, आवाज मोठा केल्यावर, तोच घुमतो. मावशीकडेही हेच झालं असावं. नातू रात्री ऐकायचा, मावशी दुपारी. प्लेअरमध्ये स्वतःचं प्रीसेट साठवता येत असेल तर दोन साठवा, एक रात्रीचं, एक दिवसाचं. दोन्हींची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, कारण जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

मावशीच्या फोनमध्ये एक ध्वनिमुद्रण असंही होतं, की काही केल्या सुधारेना. स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसून कुणीतरी फोनवर टिपलेलं. त्यात मृदंग टिपतानाच फाटला होता. कापली गेलेली लाट कुठलीही पट्टी परत जोडत नाही. यंदाच्या बारीला तिला सांगून ठेवलंय, फोन धरायचा असेल तर स्पीकरपासून लांब, मांडवाच्या मागच्या खांबाजवळ बस.