“आं?” म्हणण्याऐवजी

नमस्कार श्रोतेहो. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, तो भरभर बोलला, किंवा मधला एखादा शब्दच कळला नाही, तर आपण काय विचारतो, हा आजचा विषय. बहुतेक जण म्हणतात, “आं?” थोडे सभ्य असतील तर “काय म्हणलात?” आमच्या लातूरकडं “काय म्हणलाव?” वडीलधाऱ्यांसमोर नुसतं “काय?” म्हणलं की पूर्वी डोळे वटारले जायचे. आता घरोघरी टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की डोळे वटारलेलेही कुणाला दिसत नाहीत. असो.

संभाषणाचा अभ्यास करणारी मंडळी अशा विचारण्याला दुरुस्ती म्हणतात. २०१५ साली जगातल्या बारा भाषांमधल्या घरगुती गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की माणसं साधारण दीड मिनिटाला एकदा तरी समोरच्याला परत विचारतात. म्हणजे तुम्हाला परत विचारावं लागत असेल तर कान गेले असं समजू नका, सगळं जग विचारतंय.

या विचारण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली “आं?” यातून समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी हुकलं. काय हुकलं ते कळत नाही. दुसरी पायरी हुकलेल्या जागेवर बोट ठेवते. “उद्या कुठं जायचं म्हणलात?” म्हणजे उद्या कळलं, जायचं कळलं, गाव तेवढं राहिलं. तिसरी पायरी म्हणजे आपण ऐकलेलं समोर ठेवून खात्री करायची. “उदगीरला ना?” समोरच्याला फक्त होय किंवा नाही म्हणायचं राहतं. परत सांगतो. आधी आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं, मग हुकलं तेवढंच मागायचं.

आता यात एक खोच आहे, आणि ती सांगायची तर मला मामाची गोष्ट सांगावीच लागेल.

आमचा मामा अहमदपूर तालुक्यातला. सात एकर जमीन, सगळी सोयाबीनची. सोयाबीनचं बियाणं एकराला तीस किलो धरतात, तीस किलोची एक बॅग. सात एकराला सात बॅगा, साधा हिशेब. मृग निघाला, दोन चांगले पाऊस झाले, आणि मामानं मोंढ्यातल्या दुकानात फोन लावला. गावात नेटवर्क कसलं, तर मारुतीच्या देवळामागं एका लिंबाखाली उभं राहिलं की एक कांडी येते. तिथं आधीच दोघं-तिघं कानाला फोन लावून उभे, सगळे ओरडतायत. दुकानात नेहमीचे मुनीम जेवायला गेलेले. फोन उचलला नव्या पोरानं.

मामा म्हणाला, “सोयाबीनच्या सात बॅगा पाठव.”

पोरगं म्हणालं, “आं?”

मामानं आवाज चढवला. “सात!”

“आं?”

“अरे सात! सात!!”

आता पोरगं अगदीच बेफिकीर नव्हतं बरं का. त्यानं खात्री करून घेतली. ते म्हणालं, “साठ ना मामा?” आणि मामाला ऐकू आलं “सात ना मामा?” मामा म्हणाला, “हां, तेच तर सांगायलोय मघापासून!” फोन ठेवला, आणि पोरगं अखेर शहाणं झालं म्हणून समाधानानं घरी आला.

दुपारी दारात छोटा हत्ती उभा. मागं बॅगांची थप्पी लागलेली. मामी बाहेर आली, बघतच राहिली. म्हणाली, “अवं, गाव पेरायचं ठरलंय का काय?” साठ बॅगा म्हणजे अठरा क्विंटल बियाणं! ड्रायव्हरनं चिठ्ठी पुढं केली, त्यावर ठळक साठ. मामाचा पारा चढला. तरातरा लिंबाखाली गेला, मामी मागोमाग. फोन लावला, त्याच पोरानं उचलला.

“अरे, मी सात म्हणलो होतो!”

“होय मामा, साठच पाठवल्यात.”

“सात रे, सात!”

“मोजून चढवल्यात मामा, पुऱ्या साठ हायत. एक कमी निघली तर माझ्याकडून घ्या.”

लिंबाखालची बाकीची मंडळी आपापले फोन सोडून हेच ऐकायला लागली. मामा “सात” म्हणतोय, पोरगं “होय, साठ” म्हणतंय, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा आपलंच म्हणणं आपल्याला परत सांगतोय. शेवटी मामीनं फोन हातातून घेतला. मामी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं शांतपणे विचारलं, “बाळा, आठवड्यात वार किती?”

“सात.”

“तेवढ्याच बॅगा पायजे होत्या.”

पलीकडं बराच वेळ शांतता. मग मुनीम जेवून आले असावेत, त्यांचा आवाज आला, “आरं, तीन विसा कशाला चढवल्यास तू?” म्हाताऱ्या माणसानं साठ म्हणलंच नाही बघा, तीन विसा म्हणलं. जुन्या बाजारात विसांनी मोजायची पद्धत होती, ती यासाठी मला फार आवडते. तीन विसाला सात कोण ऐकेल? हल्ली पोरांना पाढेच येत नाहीत तर विसा कुठून येणार, पण तो विषय काढला तर आजची वेळ तिथंच संपायची.

त्रेपन्न बॅगा परत गेल्या. छोट्या हत्तीचं परतीचं भाडं कुणी द्यायचं, यावर दुकानाचं आणि मामाचं अजून एकमत नाही.

आता खोच काय, ते बघा. पोरानं तिसरी पायरी गाठली होती. ऐकलेलं समोर ठेवलं होतं. तरीही घोळ झाला, कारण ज्या शब्दात गोंधळ होता तोच शब्द त्यानं परत वापरला. सात आणि साठ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, आणि साध्या फोनवर नेमका तोच फरक पुसला जातो. जुन्या पद्धतीचा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज पलीकडं नेतो. स्वर त्यात छान बसतात. पण स, श, त, ठ, फ यांना वेगळं ओळखायच्या बऱ्याच खुणा याच्याही वरच्या पट्टीत असतात, त्या वाटेत गळतात. नव्या फोनवर, चांगल्या नेटवर्कवर पट्टी मोठी मिळते. लिंबाखाली कुठली मिळायला?

आणि ओरडल्यानं का भागत नाही? कारण आपण ओरडतो तेव्हा मोठा होतो तो स्वर. “साऽऽ” मोठं होतं. शेवटचा त बिचारा तेवढाच राहतो, उलट आणखी दबतो. मामा जितका जोरानं “सात” म्हणत होता तितका तो “साऽऽ” एवढंच म्हणत होता.

म्हणून आकडा, गाव, नाव किंवा औषध असं काही असेल तर खात्री वेगळ्या रूपात करायची. परत सांगतो, वेगळ्या रूपात. “सात म्हणजे पाच आणि दोन ना?” “साठ म्हणजे सहावर शून्य का?” “मंगळवार का, म्हणजे परवा?” “औसा म्हणलात का? लातूरजवळचं?” आपण ऐकलेलं चूक असेल तर ते इथं लगेच उघडं पडतं, कारण पाच आणि दोन हे साठसारखं ऐकू येत नाही.

आता सावकाश बोलायला सांगण्याचं. “जरा सावकाश सांगा” म्हणलं की माणूस चार शब्द सावकाश बोलतो आणि पाचव्याला परत मूळ चालीवर येतो. त्याचाही नाइलाज असतो, बोलायची चाल अंगात मुरलेली असते. त्यापेक्षा त्याला तुकड्यात थांबवायचं. मोबाईल नंबर घ्यायचाय? “दोन दोन आकडे सांगा, मी म्हणतो, मग पुढचे.” आणि म्हणताना सुटे आकडे म्हणायचे. आपल्या मराठीत एकोणसत्तर ऐकलं की कानात सत्तर घुमतं आणि हात आधी सात लिहून मोकळा होतो. पाहिजे असतो सहा, मग नऊ. तेव्हा समोरचा “एकोणसत्तर” म्हणाला की आपण “सहा, नऊ” म्हणायचं. तो “हां” म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. बसमध्ये स्पीकर चालू ठेवून सगळ्यांना ऐकवत नंबर घेणाऱ्यांनी हे केलं नाही तरी चालेल, त्यांचा नंबर चाळीस प्रवाशांनी लिहून घेतलेला असतो.

आणखी एक. विचारायचं ते लगेच, त्याच वाक्यानंतर. दोन-तीन वाक्यं गेली की विचारणं अवघड होतं. समोरच्याला मागं यावं लागतं, आणि आपण इतका वेळ मान कशाला हलवत होतो हेही त्याला कळतं. उशीर झालाच तर जागा सांगून विचारायचं. “मघाशी अर्जाचं सांगताना काहीतरी म्हणलात, तेवढं राहिलं.”

राहिला न कळलेला शब्द. इथं आपण “म्हणजे?” विचारतो आणि समोरचा एका अवघड शब्दाऐवजी दुसरा अवघड शब्द देतो. तलाठ्याकडं जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, रांग तेवढीच आहे. ते म्हणतात, “फेरफार अजून प्रमाणित झाला नाही.” तुम्ही म्हणता, “प्रमाणित म्हणजे?” ते म्हणतात, “मंजूर.” कळलं का काही? घरी येऊन पोरगा विचारतो, काय झालं, तर आपण म्हणतो, होणार आहे.

त्याऐवजी असं विचारा, “म्हणजे आता काम कुणाकडं आहे, आणि मी कधी येऊ?” मग उत्तर कामाचं मिळतं. नोंद घेतली आहे, ज्यांचा जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस गेली आहे, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील, मग सातबाऱ्यावर नाव लागेल. आता आपण ऐकलेलं समोर ठेवायचं, तेही वेगळ्या रूपात. “म्हणजे नोटीस सोमवारी निघाली, तर तिथून दोन आठवडे आणि वर एक दिवस. मंगळवारपर्यंत हरकत आली नाही तर मी बुधवारी मंडळ अधिकाऱ्यांकडं चौकशी करू ना?” ते “हो” म्हणतील, किंवा म्हणतील, “नाही, नोटीस सोमवारी लिहिली, पण एकाला अजून मिळालीच नाही.” ही दुसरी गोष्ट “आं?” विचारून कधीच बाहेर आली नसती. नमस्कार.