दोन द्रवं मिसळतात तेव्हा: बेंझीन, टोल्युईन आणि एन्ट्रॉपी

[दृश्य: धूरकपाटाच्या काचेमागे दोन मोजपात्रं, मध्ये चंचुपात्र आणि त्यात उभा तापमापक.]

डावीकडे आहे बेंझीन, सुमारे 89 मिलिलिटर. उजवीकडे टोल्युईन, सुमारे 107 मिलिलिटर. आकडे विचित्र वाटतील, पण ते मुद्दाम निवडलेत: दोन्हीकडे बरोबर एक-एक मोल आहे, म्हणजे रेणूंची संख्या सारखी. बेंझीनची वाफ कर्करोगाला कारण ठरते, म्हणून हे काम धूरकपाटातच करायचं. खोलीचं तापमान 25 अंश सेल्सिअस.

आता दोन्ही द्रवं एकत्र ओतली. तापमापकाचा पारा जवळजवळ जागचा हलत नाही. आकारमान मोजलं तर 196 मिलिलिटरच्या आसपास, नुसती बेरीज. याउलट 50 मिलिलिटर अल्कोहोल आणि 50 मिलिलिटर पाणी मिसळून पाहा. भांडं हाताला कोमट लागतं आणि 100 मिलिलिटर काही भरत नाही, तीनेक मिलिलिटर कमीच पडतात. तिथे रेणूंमध्ये काहीतरी घडलंय हे सरळ दिसतं. बेंझीन-टोल्युईनमध्ये तसं काहीच दिसत नाही.

आणि तरीही या चंचुपात्रातली गिब्ज मुक्त ऊर्जा, म्हणजे काम करून घेण्याची क्षमता, 3,436 ज्यूलनी कमी झाली आहे. उष्णता बाहेर पडली नाही, द्रव आकसला नाही. मग हे साडेतीन हजार ज्यूल आले कुठून आणि गेले कुठे?

मुक्त ऊर्जेचे घटक दोन: एन्थाल्पी, म्हणजे उष्णतेची बाजू, आणि तापमान गुणिले एन्ट्रॉपी.

ΔG = ΔH − TΔS

आधी एन्थाल्पीचा हिशोब. बेंझीनचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं सपाट कडं. टोल्युईनमध्येही तेच कडं, फक्त एका कार्बनवर एक मिथिल गट जास्त. शुद्ध बेंझीनमध्ये प्रत्येक रेणूच्या शेजारी बेंझीन, शुद्ध टोल्युईनमध्ये टोल्युईन. मिसळताना या सजातीय जोड्यांपैकी काही सुटतात आणि त्यांच्या जागी बेंझीन-टोल्युईन अशा मिश्र जोड्या बनतात. मिश्र जोडीतलं आकर्षण हे दोन सजातीय जोड्यांच्या सरासरीइतकंच असेल, तर जेवढी ऊर्जा जोड्या सोडवायला लागली तेवढीच नव्या जोड्या जुळताना परत मिळते. बेरीज शून्य. आदर्श द्रावण म्हणतात ते यालाच. आकर्षण नसतं असं नाही, ते भरपूर असतं, म्हणून तर हे द्रव आहेत. पण मिसळण्याने त्या आकर्षणात फरक पडत नाही. दोन द्रवं एकमेकांना ओढतात म्हणून मिसळतात, हा समज इथे पूर्णपणे मोडतो.

[दृश्य: आठ चौकटींची जाळी. चार निळे ठिपके, चार पिवळे.]

आता एन्ट्रॉपी. ती समजायला सर्वांत चांगली वाट म्हणजे सरळ मोजणं. आठ जागा घ्या, चार बेंझीनचे रेणू आणि चार टोल्युईनचे. बेंझीन सगळे डावीकडे आणि टोल्युईन सगळे उजवीकडे, अशी मांडणी एकच. कुणी कुठेही बसावं अशी मुभा दिली, तर मांडण्या होतात 70. सुरुवातीच्या वेगळ्या मांडणीला एक वाट, बाकी सगळ्यांना मिळून 69. रेणू वीस केले, दहा-दहा, तर मांडण्या 1,84,756. ऊर्जा सगळ्या मांडण्यांची सारखीच, त्यामुळे कुठल्याही मांडणीला झुकतं माप नाही. रेणूंची धडपड चालूच असते, आणि ती त्यांना जिथे मांडण्या जास्त आहेत तिथे घेऊन जाते.

बोल्ट्झमनच्या सूत्राने एन्ट्रॉपी म्हणजे या मांडण्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम गुणिले एक स्थिरांक. रेणूंची संख्या मोलच्या घरात नेली की मोजणीतून हे सूत्र बाहेर पडतं:

ΔS = −R (n₁ ln x₁ + n₂ ln x₂)

R हा वायू-स्थिरांक, n मोलची संख्या आणि x मोल-अपूर्णांक, म्हणजे एकूण मोलांतला वाटा. आपल्या चंचुपात्रात दोन्ही मोल-अपूर्णांक अर्धे. उत्तर येतं सुमारे 11.526 ज्यूल प्रति केल्विन. त्याला 298.15 केल्विनने गुणा, आणि ते 3,436 ज्यूल हाती येतात. सूत्रात बेंझीनचं नाव नाही, टोल्युईनचं नाही, आकर्षणाचा आकडा नाही. फक्त प्रमाण आहे.

[दृश्य: सिलिंडर आणि दट्ट्या. दट्ट्या हळूहळू वर सरकतो.]

पण ते ज्यूल गेले कुठे? याचं उत्तर शोधायला मिसळण्याची क्रिया सावकाश, एकेक पायरीने करू. 25 अंशांना शुद्ध बेंझीनचा बाष्पदाब पाऱ्याचे 95 मिलिमीटर. 1887 मध्ये फ्रान्स्वा-मारी राऊल्टने मांडलेल्या नियमानुसार निम्म्या-निम्म्या मिश्रणावर बेंझीनचा दाब निम्माच असतो, 47.5. मग असं करा. एक मोल बेंझीन त्याच्याच दाबाला उकळू द्या. वाफ दट्ट्याखाली घेऊन, तापमान न बदलता, दाब निम्मा होईपर्यंत प्रसरण पावू द्या. आणि मग ती निम्म्या-निम्म्या मिश्रणाच्या मोठ्या साठ्यात द्रवरूप करून सोडा. बाष्पीभवनाला लागलेली उष्णता द्रवीभवनात परत मिळाली. पण मधल्या प्रसरणात दट्ट्याने 1,718 ज्यूल काम केलं. टोल्युईनचंही तेच: त्याचा दाब 28 वरून 14 वर येतो आणि तेवढंच काम मिळतं. एकूण 3,436.

हे काम द्रवांच्या आतल्या ऊर्जेतून आलं नाही, तिच्यात बदलच नव्हता. प्रसरण पावणारी वाफ थंड होऊ नये म्हणून खोलीतून उष्णता शोषत होती, आणि तीच कामात उतरली. नुसतं ओतून मिसळलं, तेव्हा खोलीकडून काहीच घेतलं नाही आणि काम करून घेण्याची संधी मात्र संपली. मला या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: मुक्त ऊर्जा कमी झाली म्हणजे ऊर्जा कुठेतरी सांडली असं नाही.

मिश्रण खरंच आदर्श आहे का, हेही बाष्पदाबावरूनच कळतं. बेंझीन-टोल्युईनच्या निम्म्या मिश्रणावर नियमाप्रमाणे 62 मिलिमीटरच्या आसपास दाब यायला हवा, आणि तो येतोही. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म मिसळले तर दाब नियमापेक्षा कमी भरतो आणि मिश्रण तापतं, कारण दोघांमध्ये हायड्रोजन बंध जुळतो. तिथे एन्थाल्पी मैदानात उतरलेली असते. आणि दोन रेणूंच्या आकारात फार तफावत असेल, उदाहरणार्थ रबराची लांब साखळी आणि बेंझीन, तर आपली आठ चौकटींची मोजणीच चालत नाही, मग उष्णतेचा बदल शून्य असला तरीही.

[दृश्य: तेलशुद्धीकरण कारखान्यातला ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा.]

हेच मिश्रण परत वेगळं करायचं तर किमान 3,436 ज्यूल काम द्यावंच लागतं. प्रत्यक्षात मनोऱ्यात एक मोल बेंझीन एकदा उकळायलाच सुमारे 31,000 ज्यूल लागतात, आणि एकदा उकळून भागत नाही: 25 अंशांना या मिश्रणावरच्या वाफेत बेंझीन फक्त 77 टक्के असतं. म्हणून थाळीमागून थाळी, पुन्हा वाफ, पुन्हा द्रव.

शेवटचा अंश काढणं सर्वांत जड. हजारात एक रेणू टोल्युईनचा उरला, की तो काढायला मोलमागे किमान 17 किलोज्यूल लागतात. दहा लाखांत एक उरला की 34. पुढच्या प्रत्येक हजारपटीला आणखी 17. काढायचा माल इतका थोडा असतो की एकूण काम फुगत नाही, पण मोलमागचा हा दर कुठेच थांबत नाही, कारण शून्याकडे जाताना लॉगॅरिदमला तळच नसतो.